व्हायब्रेशन मॉनिटरिंगसाठी मॅनेजमेंटला पत्र कसं लिहायचं: साखर कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्यांसाठी

आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात कारखान्यांची कमी नाही, आणि प्रत्येक कारखान्यात एकतरी नवीन मेंटेनन्स इंजिनिअर असा असतो ज्याला मनापासून वाटत असतं की आता हे "बंद पडलं की पळा" बंद करून व्हायब्रेशन बघून काम सुरू करूया. मग तो दोन पानी पत्र लिहितो, त्यात इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो वगैरे टाकतो, चीफ इंजिनिअर साहेब वाचून "ठेवा, बघू" म्हणतात आणि पत्र फाईलला. मी या प्रकारातून गेलोय आणि आमच्याकडे शेवटी मंजुरी मिळाली, तर ते पत्र कसं बनवायचं, आधी काय जमवायचं आणि कुठं अडकतं ते क्रमाने लिहितोय. उदाहरण सगळं साखर कारखान्याचं आहे, तेही मुख्यतः बॉयलरच्या आयडी फॅनचं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत असाल तर फॅनच्या जागी तुमचा ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर धरा.

1. आधी मशीन निवडा, आणि कमी निवडा

पहिला मोह असतो सगळ्या प्लांटची यादी करायचा. करू नका. दीडशे मोटरींची यादी बघितली की वरच्यांना खर्चच दिसतो. दोन प्रश्न विचारा. हे मशीन बंद पडलं तर गाळप थांबतंय का? आणि याचा बिघाड व्हायब्रेशनमध्ये आधी दिसतो का? दोन्हीला हो असेल तरच यादीत घ्या.

दुसरा प्रश्न लोक विसरतात. मिलचंच बघा, कारखान्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन म्हणून पहिलं नाव तेच येतं. पण मिल रोलर फिरतो मिनिटाला चार-पाच फेरे, बेअरिंग म्हणजे ब्रासचे, आत वंगण आणि पाणी. तिथे मॅग्नेट लावून नेहमीचं व्हेलॉसिटी रीडिंग घेतलं तर हातात काहीच येत नाही, कारण ते मोजमाप साधारण 10 हर्ट्झच्या वरचं असतं आणि रोलरचा एक फेरा म्हणजे 0.1 हर्ट्झसुद्धा नाही. तिथे टेम्परेचर, लोड अँपिअर आणि गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी हेच खरं. टर्बाइनवर बहुतेक ठिकाणी प्रॉक्सिमिटी प्रोब आधीच लावलेले असतात, त्यामुळे तेही या पत्रात नको. बॅच सेंट्रिफ्यूगलचं स्पीड आणि लोड दर सायकलला बदलतं, महिन्यातून एकदा रीडिंग घेऊन त्यातून ट्रेंड निघत नाही.

मग उरतं काय? आयडी फॅन, एफडी आणि एसए फॅन, बॉयलर फीड पंप, इंजेक्शन पंप, फायबरायझरचे बेअरिंग. आम्ही दहा मशीन घेतली. त्यातही पत्रात गोष्ट एकाच मशीनची सांगितली, आयडी फॅनची, कारण आयडी फॅन गेला की बॉयलरचा ड्राफ्ट जातो, स्टीम पडते आणि गव्हाणीपर्यंत सगळं थांबतं. हे डायरेक्टरलाही सांगावं लागत नाही.

2. रजिस्टरमधून पुरावा काढा

पत्रात "वारंवार ब्रेकडाऊन होतात" असं वाक्य लिहिलं की ते पडलं. किती वेळा, कधी, किती तास, काय बदललं, हे पाहिजे. त्यासाठी तीन ठिकाणी बसा:

- शिफ्टचं लॉगबुक आणि स्टॉपेज रजिस्टर (तास इथे मिळतात)
- स्टोअरच्या इश्यू स्लिपा (कुठलं बेअरिंग कधी गेलं ते इथे मिळतं, आणि हे लॉगबुकशी कधीच जुळत नाही)
- ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगचे जॉब कार्ड

खरा माल तिसऱ्या ठिकाणी आहे. आपल्याकडे गाळप संपलं की सगळं उघडायची पद्धत, सीझनमध्ये सुरळीत चाललेला पंपसुद्धा उघडतो, बेअरिंग काढतो, "आता काढलंच आहे तर नवीन टाका" म्हणतो. जुन्या फिटर लोकांना विचारा, काढलेल्यातले किती बेअरिंग खरंच खराब होते. आमच्याकडे हेडफिटर मामांनी काढलेले बेअरिंग पोत्यात भरून ठेवले होते, त्यातले निम्म्याहून जास्त हाताने फिरवून आणि रेस बघून त्यांनी स्वतःच "हे अजून चाललं असतं" म्हणून बाजूला काढले. ही माहिती पत्रात घालताना कुणावर दोष येणार नाही अशी लिहा, नाहीतर जुनी मंडळी विरोधात जातात आणि मग रीडिंग घ्यायला शिडीही मिळत नाही. शिवाय चांगलं चाललेलं मशीन उघडून जोडताना नवीन बिघाड घुसतो, अलाइनमेंट हलते, फिटिंगमध्ये कचरा जातो, हा मुद्दा त्यांनाही पटतो कारण सीझन सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात पळापळ त्यांचीच होते.

3. पत्राआधीच थोडी रीडिंग घ्या

मंजुरीच्या आधी रीडिंग कसं घ्यायचं म्हणाल तर साधा पेन टाइप व्हायब्रेशन मीटर हजारांमध्ये मिळतो, अॅनालायझर लाखांमध्ये जातो. पेन मीटर डिपार्टमेंटच्या किरकोळ खर्चातून बसतो, नाहीतर बाहेरच्या एजन्सीला एका दिवसासाठी बोलवा, पुणे-कोल्हापूरकडून लोक येतात. पण घेताना हे पाळा, नाहीतर आकडे कचऱ्यात जातात.

जागा ठरवून घ्या. प्रत्येक बेअरिंगवर आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेने, अशी तीन रीडिंग. जागेवरचा जुना पेंट आधी खरवडा म्हणजे मॅग्नेट धातूवर बसेल, आणि शेजारी पेंटने खूण करा. हाताने दाबून धरलेला प्रोब आणि मॅग्नेटवर बसवलेला सेन्सर यांचे आकडे जुळत नाहीत, विशेषतः वरच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणून एकदा जे ठरलं तेच सीझनभर. कव्हरच्या पत्र्यावर, गार्डवर सेन्सर लावायचा नाही. हे सांगायला नको वाटतं पण गार्डवर घेतलेलं रीडिंग मी रिपोर्टमध्ये बघितलंय.

दुसरं म्हणजे स्पीड लिहा. आयडी फॅन आता बऱ्याच ठिकाणी व्हीएफडीवर आहेत. अनबॅलन्सचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 700 आरपीएमवरून फॅन 900 वर नेला तर तोच अनबॅलन्स साधारण 1.65 पट जोर लावतो. आज 700 ला घेतलेलं आणि पुढच्या महिन्यात 900 ला घेतलेलं रीडिंग शेजारी ठेवून "व्हायब्रेशन वाढलं" म्हणणं म्हणजे निव्वळ घोटाळा. शक्य असेल तर ऑपरेटरला सांगून पाच मिनिटं ठराविक स्पीडला फॅन ठेवून घ्या, नाहीच जमलं तर आरपीएम आणि डॅम्परची पोझिशन रीडिंगच्या शेजारी लिहा.

आकडा चांगला की वाईट हे आयएसओ 20816-3 मधून बघा, जुन्या रिपोर्टमध्ये ते 10816-3 म्हणून दिसेल. 15 ते 300 किलोवॅटमधल्या मशीनसाठी, फाउंडेशन कडक असेल तर, 1.4 मिमी/सेकंद पर्यंत नव्यासारखं, 2.8 पर्यंत बिनधास्त चालवा, 4.5 पर्यंत थोडे दिवस चालेल पण कामाचं नियोजन करा, त्याच्या वर नुकसान होणार. हे सगळे आरएमएस आकडे आहेत. फॅन स्ट्रक्चरवर बसवलेला असेल, म्हणजे फाउंडेशन लवचिक असेल, तर हद्दी 2.3, 4.5 आणि 7.1 होतात. आपला कुठल्या प्रकारात येतो ते आधी ठरवा, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी हुशार माणूस बरोबर हेच विचारतो.

4. एक केस नीट मांडा

पत्राचा जीव इथे आहे. आमची केस सांगतो.

आयडी फॅन नंबर दोन, 200 किलोवॅट मोटर, काँक्रीट फाउंडेशन. फॅनच्या कपलिंगकडच्या बेअरिंगवर आडवं रीडिंग, 900 आरपीएमला, डिसेंबरमध्ये 2.1 होतं. जानेवारीच्या सुरुवातीला 3.4. महिनाअखेरीला 5.2. आता पेन मीटर एवढंच सांगतो की हललंय, का हललंय ते नाही सांगत. शिफ्टमधले सगळे म्हणाले बेअरिंग गेलं, बदलून टाका, क्लीनिंगचा बंद दोन दिवसांवर आहे. आधी असंच केलं असतं.

एजन्सीच्या माणसाने स्पेक्ट्रम काढला. 900 आरपीएम म्हणजे सेकंदाला 15 फेरे, आणि स्पेक्ट्रममध्ये 15 हर्ट्झला एकच उंच काठी, जवळपास सगळं व्हायब्रेशन तिच्यातच, बाकी सपाट. फेऱ्याला एकदा धक्का, म्हणजे वजन एका बाजूला जास्त. शाफ्टच्या दिशेने रीडिंग कमी आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीला काही नाही, म्हणून अलाइनमेंटवर संशय राहिला नाही. क्लीनिंगच्या बंदला इन्स्पेक्शन डोअर उघडलं तर ब्लेडच्या पाठीवर बगॅसची राख थापल्यासारखी बसलेली आणि दोन ब्लेडवरचा थर निघून पडलेला. म्हणजे उरलेल्या थराने अनबॅलन्स केला. राख खरवडली, फॅन चालू केला, त्याच स्पीडला 1.9. बेअरिंगला हात लावला नाही.

(इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, मोटर बंद केली तरी चिमणीच्या ड्राफ्टने आयडी फॅन हळूहळू फिरत राहतो. आत माणूस घालण्याआधी डॅम्पर बंद, व्हीएफडी आयसोलेट करून कुलूप, परमिट आणि रोटरला लाकडी ठोकळे. साफसफाईची घाई म्हणून यातलं एकही सोडायचं नाही.)

गोष्ट इथे संपली असती तर मॅनेजमेंट म्हणालं असतं, मग फक्त साफ करत चला, मॉनिटरिंग कशाला. पण त्याच फॅनवर फेब्रुवारीच्या शेवटी उलटं झालं. एकूण रीडिंग 2.3, म्हणजे हिरव्या पट्ट्यात, पेन मीटरवाला खूश. पण अॅनालायझरच्या एन्व्हेलप स्पेक्ट्रममध्ये 123 हर्ट्झला काठी आणि तिच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही काठ्या. त्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवरून रोलर जाण्याची फ्रिक्वेन्सी शाफ्टच्या साधारण 8.2 पट येते, बेअरिंग कंपनीच्या साइटवर नंबर टाकला की मिळते, आणि 15 गुणिले 8.2 म्हणजे 123. म्हणजे बाहेरच्या रेसवर खड्डा पडायला लागलाय. त्याचा धक्का इतका छोटा की एकूण आकड्यात तो दिसतच नाही. बेअरिंग मागवलं, पुढच्या बंदला बदललं, काढल्यावर रेसच्या खालच्या बाजूला, जिथे शाफ्टचा भार येतो तिथे, करंगळीच्या नखाएवढा पापुद्रा निघालेला. तो तुकडा आणि 123 हर्ट्झचा प्रिंट एकाच फोटोत घेतला. आमच्या पत्रासोबतच्या कागदांत सगळ्यात जास्त हाताळला गेला तो हाच.

एकाच फॅनवर एकदा आकडा मोठा आणि बेअरिंग चांगलं, एकदा आकडा छोटा आणि बेअरिंग खराब. अशी जोडी तुमच्याकडे मिळाली तर पत्रात तीच घाला, फक्त पेन मीटर घेऊन भागत नाही हे तिच्यातूनच कळतं.

5. पैशाचा हिशोब फुगवू नका

इथे सगळ्यात जास्त पत्रं मरतात. 5000 टीसीडी कारखाना, 22 तासांनी भागलं तर तासाला साधारण 227 टन. नऊ तास बंद म्हणजे सुमारे 2000 टन ऊस. मग नवीन माणूस काय करतो, 2000 टन गुणिले उतारा गुणिले साखरेचा दर, आणि लिहितो की एका ब्रेकडाऊनला सत्तर-ऐंशी लाखांचं नुकसान. फायनान्स मॅनेजर पहिल्या मिनिटात विचारतो, तो ऊस पळून गेला का? नाही गेला, दुसऱ्या दिवशी गाळला. आकडा खोटा ठरला की उरलेलं पत्रही खोटंच वाटतं.

खरं नुकसान हे असतं: यार्डात आणि गाड्यांत ऊस शिळा होऊन उतारा पडतो, बॉयलर परत उचलायला इंधन जातं, वाहनं आणि तोडणी टोळ्या अडकतात, रातोरात आणलेल्या बेअरिंगला आणि माणसांना जास्त पैसे जातात. पहिला आकडा लॅबमधून घ्या. उदाहरणासाठी धरा की 2000 टनांवर उतारा 0.2 ने पडला, तर 4 टन म्हणजे 40 क्विंटल साखर गेली, क्विंटलला 3,700 धरले तर 1,48,000 रुपये. ऐकायला कमी वाटतं, पण हा आकडा कुणी खोडू शकत नाही. बाकीच्या रकमा अकाउंट्समध्ये बसून त्यांच्याच रजिस्टरमधून काढा आणि त्यांना दाखवूनच पत्रात टाका. को-जनची वीज एक्स्पोर्ट होत असेल तर तीही पूर्ण तोटा म्हणून धरू नका, न जळलेला बगॅस शिल्लक राहतोच, त्या दिवशी करारात काही दंड बसला असेल तर तेवढाच घ्या.

आणि ऑफ सीझनची बचत वेगळ्या ओळीत दाखवा. उघडायची गरज नसलेले पंप, न बदललेली बेअरिंगं, वाचलेली मजुरी. आमच्याकडे मंजुरी मिळाली ती या ओळीवर, कारण ब्रेकडाऊन टळला हे दाखवता येत नाही पण न झालेली खरेदी दाखवता येते.

6. पत्र

पत्र एका पानाचं, बाकी सगळं जोडपत्रात. मार्फत चीफ इंजिनिअर टाकायला विसरू नका, त्यांना वगळून वर गेलात तर तिथेच संपलं. वेळही बघा. गाळप संपता संपता द्या, म्हणजे ऑफ सीझनचं बजेट आणि कामांची यादी ठरायच्या आधी. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाच्या गडबडीत दिलेलं पत्र कुणी वाचत नाही. नमुना हा असा:

> प्रति,
> मा. कार्यकारी संचालक
> मार्फत: मा. चीफ इंजिनिअर
>
> विषय: दहा महत्त्वाच्या मशीनसाठी येत्या गाळप हंगामात व्हायब्रेशन मॉनिटरिंग सुरू करण्याबाबत
>
> महोदय,
>
> आयडी फॅन क्र. 2 वर चालू हंगामात व्हायब्रेशन वाढले असता शिफ्टने बेअरिंग बदलण्याची शिफारस केली होती. तपासणीत कारण इम्पेलरवरील राख निघाले व बेअरिंग न बदलता साफसफाईने रीडिंग 5.2 वरून 1.9 मिमी/सेकंद झाले. पुढे त्याच बेअरिंगमधील दोष एकूण रीडिंग सामान्य असतानाच लक्षात आला आणि नियोजित बंदमध्ये बेअरिंग बदलता आले. तपशील जोडपत्र 2 मध्ये आहे.
>
> मागील तीन हंगामांत यादीतील दहा मशीनमुळे झालेले बंदचे तास आणि त्याचा खर्च जोडपत्र 3 मध्ये दिला आहे. रकमा लेखा विभागाकडून तपासून घेतल्या आहेत.
>
> विनंती अशी की,
> 1. एका हंगामापुरती, दहा मशीनवर, दरमहा एक याप्रमाणे बाहेरील एजन्सीकडून तपासणी मंजूर करावी.
> 2. दरम्यानच्या साप्ताहिक रीडिंगसाठी मॅग्नेट सेन्सरसह एक मीटर खरेदीस मान्यता द्यावी.
> 3. ज्या मशीनचे रीडिंग हंगामभर समाधानकारक राहील, ती ऑफ सीझनमध्ये उघडू नयेत. अपवाद कायदेशीर तपासणी व उत्पादकाने ठरवलेल्या कामांचा.
>
> स्वतःचा अॅनालायझर किंवा ऑनलाइन सेन्सर यांची मागणी या टप्प्यावर नाही. हंगामाअखेर निकाल पाहून पुढील निर्णय घ्यावा. बहुतेक विद्युत बिघाड, बॉयलर ट्यूब गळती आणि मिल रोलर यांचे बिघाड या पद्धतीने कळत नाहीत, याची नोंद घ्यावी.
>
> आपला विश्वासू,
> मेंटेनन्स इंजिनिअर

शेवटचं वाक्य अनेकांना नको वाटतं, आपणच आपली कमजोरी का लिहायची म्हणून. लिहा. सीझनमध्ये एखादी मोटर जळली की पहिला प्रश्न येतो "तुमचं व्हायब्रेशन काय करत होतं?", तेव्हा हे पत्र दाखवता येतं.

सोबत जोडायचे कागद:

- मशीनची यादी, प्रत्येकासमोर किलोवॅट, आरपीएम आणि बेअरिंग नंबर
- केसचा कागद, स्पेक्ट्रम आणि बेअरिंगचा फोटो
- बंदचे तास आणि खर्चाचा तक्ता, अकाउंट्सच्या सहीसह
- कमीत कमी दोन एजन्सींची कोटेशन
- ऑफ सीझनला गेल्या वेळी बदललेल्या बेअरिंगची स्टोअरकडची यादी

7. कोटेशन घेताना एजन्सीला काय विचारायचं

दहा हजार रुपये कमी म्हणून कुणालाही घेऊ नका. येणाऱ्या माणसाकडे आयएसओ 18436-2 चं कॅटेगरी दोन किंवा वरचं सर्टिफिकेट आहे का विचारा. आणि रिपोर्टमध्ये फक्त लाल-पिवळा-हिरवा न देता प्रत्येक पॉइंटचा स्पेक्ट्रम आणि मूळ डेटा फाईल देणार का, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पुढच्या वर्षी एजन्सी बदलली आणि जुना डेटा त्यांच्याच लॅपटॉपवर राहिला तर ट्रेंड शून्यापासून सुरू होतो. बेअरिंग नंबर आणि इम्पेलरच्या ब्लेडची संख्या तुम्ही त्यांना द्यायची आहे, ती नसेल तर कितीही भारी अॅनालायझर असला तरी तो 123 हर्ट्झ कशाचा हे सांगू शकत नाही. नेमप्लेट गंजलेल्या असतात म्हणून ऑफ सीझनला मशीन उघडं असतानाच नंबरचे फोटो काढून ठेवा.

8. मीटिंगमध्ये येणारे प्रश्न

"टनेज किती वाढणार?" संचालक मंडळात बहुतेक शेतकरी असतात, त्यांचा प्रश्न हाच, आणि बरोबर आहे. उत्तर: क्रशिंग रेट वाढत नाही, बंदचे तास कमी होतात, आणि किती ते सीझनअखेर दाखवतो. यापेक्षा जास्त बोललात तर पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्या अंगावर येतो.

"मशीन खराब म्हणालात आणि उघडल्यावर चांगलं निघालं तर?" होतं असं. म्हणून एका रीडिंगवर मशीन उघडत नाही, रीडिंग वाढलं की आधी त्याच स्पीडला परत घेतो, मग स्पेक्ट्रम, मग ग्रीस आणि फाउंडेशन बोल्ट बघतो, आणि उघडायचं ते ठरलेल्या बंदलाच. ग्रीसचं विशेष सांगा, बेअरिंग कोरडं पडलं की वरच्या फ्रिक्वेन्सीला आवाज वाढतो आणि ग्रीस दिल्यावर उतरतो. उतरून थोड्या तासांत परत चढला तर मात्र ते ग्रीसचं काम नाही.

"वायरलेस सेन्सरवाले येऊन गेले, मोबाइलवर सगळं दिसतं म्हणतात." येऊ द्या. त्यांना आयडी फॅनवर एक महिना डेमो लावायला सांगा आणि बॅटरी किती टिकते, बॉयलर हाऊसच्या स्टीलमधून सिग्नल गेटवेपर्यंत पोहोचतो का, आणि कच्चा स्पेक्ट्रम मिळतो का हे बघा. चांगलं निघालं तर दुसऱ्या वर्षी विचार करता येईल.

9. मंजुरी मिळाल्यावर पहिल्या महिन्यात

पहिलं रीडिंग गाळप सुरू झाल्या झाल्या घेऊ नका. पहिले काही दिवस लोड वरखाली असतो, मशीन स्थिरावून पूर्ण लोडला आलं की मगच बेसलाइन घ्या आणि त्यावर तारीख, स्पीड, अँपिअर लिहून ठेवा. ऑफ सीझनला रिकामं फिरवून घेतलेलं रीडिंग बेसलाइन म्हणून चालत नाही.

त्याच महिन्यात एक नियम लिहून चीफ इंजिनिअरची सही घ्या: कुठल्या आकड्याला काय करायचं आणि मशीन थांबवायचा अधिकार कुणाचा. आमचा साधा आहे. 2.8 च्या वर गेलं की आठवड्याचं रीडिंग रोजचं होतं आणि एजन्सीला फोन. 4.5 च्या वर गेलं की शिफ्ट इंजिनिअर स्पीड कमी करून चालवतो आणि पुढचा बंद गाठायचा की आत्ताच थांबायचं हे चीफ इंजिनिअर ठरवतात. आठवड्याभरात बेसलाइनच्या दुप्पट झालं तर आकडा हिरव्यात असला तरी फोन. हा कागद नसेल तर रात्री दोन वाजता 5.5 दिसल्यावर ऑपरेटर सकाळची वाट बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण बॉयलर बंद करायची जबाबदारी त्याने एकट्याने का घ्यायची.

रीडिंग घेणारा माणूस एकच ठेवा, आणि तो रजेवर गेला तर कोण घेणार तेही नाव त्याच कागदावर टाका.